आधी ‘नाही’ कुठे आहे ते बघा

‘मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. आता रोज इंदूर, हैदराबादच्या डीलरांना आणि आमच्याच गोदामाला इंग्रजीत ईमेल लिहावे लागतात. परवा एका डीलरला लिहिलं, “वुई ऑलवेज डोन्ट डिस्पॅच एनी लॉट बिफोर द जर्मिनेशन रिपोर्ट.” त्यांचं उत्तर आलं, “म्हणजे कधीकधी रिपोर्ट यायच्या आधीच माल पाठवता का?” साहेब म्हणाले, अर्थच उलटा झाला. ऑलवेज, नेव्हर आणि युज्वली हे तीन शब्द वाक्यात नक्की कुठे ठेवायचे? शाळेत नियम पाठ केला होता, पण लिहायला बसलं की जागा चुकते.’
— एक वाचक, जालना

ताई, डीलरचा प्रश्न रास्तच होता. त्यांनी तुमच्या वाक्याचा जो अर्थ लावला, तो कुणीही इंग्रजी वाचणारा माणूस लावील. त्यांना आजच एका ओळीत कळवून टाका: ‘वुई नेव्हर डिस्पॅच एनी लॉट बिफोर द जर्मिनेशन रिपोर्ट.’ यात ऑलवेज नाही आणि डोन्टही नाही. त्या दोघांचं काम एकटा नेव्हर करतो.

आता असं का झालं ते सांगते, कारण कारण कळलं की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. तुमच्या मनातलं मराठी वाक्य होतं, ‘रिपोर्टआधी आम्ही माल कधीच पाठवत नाही.’ या वाक्यात नकाराचे दोन तुकडे आहेत, एक ‘कधीच’ आणि दुसरा ‘नाही’. मराठीला दोन्ही लागतात. ‘आम्ही माल कधीच पाठवतो’ असं कुणी म्हणत नाही. म्हणून इंग्रजीत उतरवताना हातून दोन तुकड्यांसाठी दोन शब्द शोधले जातात. ‘नाही’साठी डोन्ट लगेच सापडतो आणि ‘कधीच’साठी ऑलवेज जवळचा वाटतो. नेव्हरच्या पोटात मात्र ‘कधीच’ आणि ‘नाही’ दोन्ही आहेत, म्हणून त्याच्या शेजारी आणखी नकार लागत नाही. ‘वुई नेव्हर डोन्ट डिस्पॅच’ असं लिहिलंत तर दोन नकार एकमेकांना खोडतात आणि अर्थ होतो, ‘आम्ही पाठवल्याशिवाय राहतच नाही.’ नेव्हर लिहिला की पुढचं क्रियापद साधं, होकारी ठेवायचं.

डीलरला ‘कधीकधी’ कुठून दिसलं? ऑलवेज डोन्ट हा क्रम इंग्रजी वाचणाऱ्याच्या सवयीचा नाही. त्याच्या सवयीचा क्रम आहे डोन्ट ऑलवेज. त्यामुळे वाचताना तो मनातल्या मनात दोन शब्दांची अदलाबदल करतो आणि वाक्य होतं, ‘वुई डोन्ट ऑलवेज डिस्पॅच...’ याचा अर्थ ‘दर वेळी पाठवतोच असं नाही’, म्हणजे कधी पाठवतो, कधी नाही. तुम्हाला दार पक्कं बंद आहे असं सांगायचं होतं आणि वाचणाऱ्याला ते किलकिलं दिसलं. बियाण्याच्या बाबतीत हे फार नाजूक आहे. सोयाबीनची किमान उगवण 70 टक्के ठरलेली आहे आणि 1966 च्या बियाणे कायद्यानुसार अधिसूचित वाणाचं बियाणं त्या मर्यादेत बसत नसेल तर विकता येत नाही. चाचणीआधी माल जातो की नाही याबद्दल तुमच्या ईमेलमधला एक शब्द उद्या कागद म्हणून कुणीही पुढे करू शकतं.

या सगळ्याच्या मुळाशी मराठीची एक सवय आहे आणि माझ्या मते तिथेच थोडं थांबायला हवं. हे वाक्य घ्या: ‘गाडी नेहमी टायमावर येत नाही.’ आपल्याकडे स्टँडवर उभा असलेला माणूस हे वाक्य दोन अर्थांनी बोलतो. एक, गाडी रोजच उशिरा येते. दोन, कधी वेळेवर येते, कधी येत नाही. ऐकणाऱ्याला सुरावरून कळतं, तोंडाकडे बघून कळतं आणि त्यातूनही नाही कळलं तर तो विचारतो. ईमेलमध्ये सूर नसतो. इंग्रजी हे काम शब्दांच्या जागेवर सोडते. पहिल्या अर्थासाठी ‘द बस इज नेव्हर ऑन टाइम’ आणि दुसऱ्यासाठी ‘द बस इज नॉट ऑलवेज ऑन टाइम’. मराठी वाक्य एकच होतं, पण इंग्रजीत दोन झाली, आणि कुठलं निवडायचं ते लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

म्हणून इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मराठी वाक्य मनात पक्कं करून घ्या. ‘नेहमी... नाही’ असं वाक्य मनात आलं की स्वतःला विचारा, मला ‘कधीच नाही’ म्हणायचं आहे की ‘दर वेळी असं नाही’? ‘कधीच नाही’ असेल तर नेव्हर आणि पुढे साधं क्रियापद. ‘दर वेळी असं नाही’ असेल तर आधी नॉट किंवा डोन्ट आणि त्याच्या मागोमाग ऑलवेज. ऑलवेज आधी आणि डोन्ट नंतर हा क्रम रोजच्या कामाच्या ईमेलमध्ये तुम्हाला कधी लागणार नाही. तो लिहिलेला दिसला की हात थांबवायचा, इतकी खूण पुरे. मी अजूनही इतरांचे मसुदे तपासताना आधी नकार शोधते आणि त्याच्या डाव्या बाजूला ऑलवेज बसलाय का ते बघते.

आता जागेविषयी. शाळेतला नियम ‘क्रियापदाच्या आधी’ असा असतो. तो खरा आहे, पण अर्धा आहे आणि त्या अर्ध्यामुळेच घोळ होतो. ‘वुई ऑलवेज टेस्ट’, ‘दे युज्वली कलेक्ट’, ‘ही नेव्हर साइन्स’ अशा वाक्यांत क्रियापद एकटं आहे, तर हे शब्द त्याच्या आधी बसतात. पण प्रयोगशाळेच्या ईमेलमध्ये क्रियापद फारसं एकटं नसतं. ‘नमुने घेतले जातात’, ‘रिपोर्ट दिला जाईल’, ‘आम्ही तपासलं आहे’ अशीच वाक्यं जास्त असतात आणि इंग्रजीत त्यांना इज, आर, विल, हॅव असे मदतनीस लागतात. मदतनीस असला की आपला शब्द पहिल्या मदतनिसाच्या लगेच नंतर बसतो. ‘सॅम्पल्स आर युज्वली कलेक्टेड ऑन मंडे.’ ‘द रिपोर्ट इज नेव्हर साइन्ड ऑन द सेम डे.’ ‘वुई हॅव ऑलवेज टेस्टेड धिस व्हरायटी ट्वाइस.’ मदतनीस दोन असले तरी पहिल्याच्याच नंतर: ‘द बॅग्ज विल ऑलवेज बी सील्ड.’ इज, आर एकटे असले, म्हणजे पुढे दुसरं क्रियापद नसलं, तरी शब्द त्यांच्या नंतरच येतो: ‘द लॅब इज युज्वली क्लोज्ड ऑन संडे.’

हॅव टूच्या बाबतीत मात्र सावध राहा. ‘आम्हाला नेहमी थांबावं लागतं’ याचं इंग्रजी ‘वुई ऑलवेज हॅव टू वेट’ असं होतं. इथला हॅव मदतनीस नाही, तोच खरं काम करणारा शब्द आहे, म्हणून ऑलवेज त्याच्या आधी बसतो. ‘वुई हॅव ऑलवेज टू वेट’ असं मी कित्येक मसुद्यांत वाचलं आहे. ते समजतं, पण वाचणाऱ्याला क्षणभर अडखळायला होतं.

दुसरी एक जागा अशी आहे जिथे हे शब्द ठेवायचेच नाहीत, ती म्हणजे क्रियापद आणि कर्म यांच्या मधली. ‘वुई चेक ऑलवेज द मॉइश्चर’ असं वाक्य मराठी हातातून सहज येतं. आपल्या ‘आम्ही ओलावा नेहमी तपासतो’ या वाक्यात ‘नेहमी’ क्रियापदाला खेटून असतो, तर इंग्रजीतही तो क्रियापदाला खेटला की झालं, असं वाटतं. खेटायचंच आहे, पण पुढच्या बाजूने. इंग्रजीत चेक आणि मॉइश्चर यांच्यामध्ये कुणाला शिरू दिलं जात नाही. म्हणून ‘वुई ऑलवेज चेक द मॉइश्चर’.

युज्वलीचा स्वभाव या दोघांपेक्षा मोकळा आहे. तो क्रियापदाच्या आधी तर बसतोच, पण वाक्याच्या सुरुवातीलाही छान दिसतो: ‘युज्वली, वुई डिस्पॅच ऑन सॅटरडे.’ नकाराच्या बाबतीतही तो कटकट करत नाही. ‘वुई डोन्ट युज्वली डिस्पॅच ऑन संडे’ आणि ‘वुई युज्वली डोन्ट डिस्पॅच ऑन संडे’ या दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच. युज्वली असा दोन्हीकडे चालतो म्हणून ऑलवेजही चालेल असं वाटतं, आणि तुमच्यासारख्यांची चूक कदाचित तिथूनही येत असेल. तसं नाही. शंभरातल्या बहुतेक वेळा नाही, याला ‘बहुतेक नाही’ म्हणा किंवा ‘नाही बहुतेक’ म्हणा, फार फरक पडत नाही. पण ‘सगळ्या वेळा नाही’ आणि ‘सगळ्या वेळा, असं नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

युज्वलीचं मराठी करताना आपण ‘सहसा’ म्हणतो आणि ‘सहसा’ आपल्याकडे बहुतेक वेळा नकाराबरोबर येतो, ‘सहसा असं होत नाही.’ त्यामुळे होकारी वाक्यात युज्वली वापरायचं आठवतच नाही आणि तिथे ऑलवेज लिहून मोकळं होतो. मनात ‘सहसा’ऐवजी ‘साधारणपणे’ धरा, म्हणजे युज्वली जागच्या जागी येईल. ‘नमुने साधारणपणे सोमवारी येतात’ हे युज्वली आहे. तिथे ऑलवेज लिहिला आणि एखाद्या सोमवारी मोंढा बंद म्हणून नमुने मंगळवारी आले, तर डीलर तुमचाच ईमेल तुम्हाला पाठवील. एकदाही चुकलं नाही आणि चुकू देणार नाही, अशाच कामाला ऑलवेज लिहावा.

सुरुवातीच्या जागेवर मात्र ऑलवेज आणि नेव्हर एरवी बसत नाहीत. ‘ऑलवेज वुई टेस्ट’ हे मराठी ‘नेहमी आम्ही तपासतो’ची नक्कल आहे. ते टाळा. ते दोघे सुरुवातीला शोभतात ते फक्त सूचनेत, जिथे ‘आम्ही-तुम्ही’ नसतंच. गोदामाला लिहिताना ‘ऑलवेज अटॅच द रिपोर्ट’, ‘नेव्हर लोड अ लॉट विदाउट द टॅग’ हे अगदी बरोबर.

यापुढची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. तिची किंमत मी स्वतः मोजली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी वाळूजच्या एका कारखान्यात पत्रव्यवहार बघायचे. एका ग्राहकाची ड्रॉइंग्ज संध्याकाळी पाचनंतर यायची, हे मला नुसतं नोंदवायचं होतं, म्हणजे आमचं नियोजन त्याप्रमाणे झालं असतं. मी लिहिलं, ‘यू आर ऑलवेज सेंडिंग द ड्रॉइंग्ज आफ्टर फाइव्ह.’ दुसऱ्या दिवशी त्यांच्या अधिकाऱ्याचा फोन आमच्या मॅनेजरला आला की तुमच्या बाई आमच्यावर आरोप करतात. मला फार वाईट वाटलं, कारण माझ्या मनात तक्रारीचा लवलेश नव्हता. पण त्यांनी वाचलं ते बरोबरच होतं. इंग्रजीत आर, इज यांच्याबरोबर ऑलवेज आणि पुढे इंग लावलेलं क्रियापद आलं, की त्यात बहुधा वैताग ऐकू येतो, ‘तुम्ही आपले सारखे पाचनंतरच पाठवत असता!’ साधी नोंद हवी होती, तर ‘यू युज्वली सेंड द ड्रॉइंग्ज आफ्टर फाइव्ह’ इतकं पुरत होतं.

हीही चूक मराठीतूनच येते. ‘आम्ही पाठवत असतो’, ‘ते करत असतात’ ही आपली रोजच्या कामाची बोली आहे. तिच्यात राग नाही. पण तिचा शब्दशः साचा इंग्रजीत ‘वुई आर सेंडिंग’ असाच निघतो. रोजच्या, ठरलेल्या कामाला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ लागतो, सेंड, टेस्ट, कलेक्ट. ‘वुई आर ऑलवेज टेस्टिंग’ लिहिलंत तर डीलर रागावणार नाही, पण त्याला वाटेल की तुमची चाचणी कधी संपतच नाही.

आता तुमच्याच कामातला एक ईमेल मराठीतून इंग्रजीत नेऊन बघू. समजा, डीलरला इतकं सांगायचं आहे: नमुने साधारणपणे सोमवारी प्रयोगशाळेत येतात. प्रत्येक लॉटची उगवण चाचणी आम्ही करतोच. सोयाबीनच्या शेवटच्या मोजणीसाठी नेहमी आठ दिवस थांबावं लागतं. रिपोर्टआधी लॉट कधीच पाठवत नाही. ट्रक दर वेळी त्याच दिवशी मिळतोच असं नाही, म्हणून माल एखादा दिवस उशिरा पोहोचू शकतो.

पहिलं वाक्य: ‘द सॅम्पल्स युज्वली रीच द लॅब ऑन मंडे.’ क्रियापद एकटं आहे, म्हणून युज्वली त्याच्या आधी. दुसऱ्या वाक्यात हात ‘वुई ऑलवेज टेस्ट एव्हरी लॉट’ असं लिहू पाहतो. चूक नाही, पण एव्हरी आला की ऑलवेजचं काम झालेलंच असतं. ‘वुई टेस्ट एव्हरी लॉट फॉर जर्मिनेशन’ हे जास्त ठाम वाटतं. तिसरं: ‘फॉर सोयाबीन, वुई ऑलवेज हॅव टू वेट एट डेज फॉर द फायनल काउंट.’ इथे ऑलवेज हॅवच्या आधी आहे, ते वर सांगितलंच. पाचव्या दिवशीच्या पहिल्या मोजणीनंतर डीलरचे फोन सुरू होतात, तेव्हा हे वाक्य उपयोगी पडेल. चौथं तुमचं परवाचंच: ‘वुई नेव्हर डिस्पॅच अ लॉट बिफोर द रिपोर्ट.’ आणि पाचवं, जिथे नेव्हर लिहिला असता तर ट्रक कधी मिळतच नाही असा अर्थ झाला असता: ‘वुई डोन्ट ऑलवेज गेट अ ट्रक ऑन द सेम डे, सो द मटेरियल मे रीच यू अ डे लेट.’

चौथं आणि पाचवं वाक्य शेजारी-शेजारी ठेवून एकदा मोठ्याने वाचा. दोन्ही मराठी वाक्यांच्या शेवटी ‘नाही’च आहे. चौथ्यात एकही अपवाद नाही, म्हणून सगळा नकार नेव्हरमध्ये गेला. पाचव्यात अपवाद आहेत, म्हणून डोन्ट पुढे आला आणि ऑलवेज त्याच्या मागे बसला. परवा तुम्ही चौथ्या वाक्याचा अर्थ पाचव्या वाक्याच्या शब्दांत, तेही उलट्या क्रमाने, लिहिला होता.

डीलर आता पुन्हा खात्री करायला विचारतील, ‘डू यू टेस्ट एव्हरी लॉट?’ तेव्हा उत्तर छोटं द्या: ‘येस, वुई ऑलवेज डू.’ एरवी मदतनिसाच्या नंतर बसणारा ऑलवेज इथे डूच्या आधी आला आहे, आणि ते बरोबर आहे. डू वाक्याच्या टोकाला आहे, त्याच्यामागे दुसरं क्रियापद नाही, तर ऑलवेजला बसायला मागे जागाच उरत नाही. ‘वुई डू ऑलवेज’ असं लिहू नका.